उरलेल्या कोपऱ्याचा हिशेब

तेवीस गुणिले चौदा करायचंय. शाळेतली नेहमीची रीत बाजूला ठेवू. २३ च्या खाली १४ लिहा. एकक गुणिले एकक: ३ × ४ = १२. मग तिरपं: २ × ४ आणि ३ × १, मिळून ११. शेवटी दशक गुणिले दशक: २ × १ = २. आता १२ एकक, ११ दशक आणि २ शतक एकत्र केले की २०० + ११० + १२ = ३२२. उत्तर बरोबर आलं, आणि आकडे जागचे हललेही नाहीत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ च्या सुमारास ‘बुद्धिविलासिनी’ नावाची टीका लिहिली. तिच्यात ही रीत ‘तत्स्थ’ या नावाने समजावलेली आहे. आकडे आपापल्या जागीच उभे राहतात म्हणून तत्स्थ. मधल्या तिरप्या गुणाकाराला त्यांचा शब्द आहे वज्राभ्यास.

या रीतीचं मर्म असं की ज्या दोन अंकांच्या स्थानांची बेरीज सारखी, त्यांचे गुणाकार एका गठ्ठ्यात जातात. एकक-एकक एका गठ्ठ्यात, एकक-दशक आणि दशक-एकक दुसऱ्यात, असं पुढे. बीजगणितात दोन बहुपदींचा गुणाकार करतानाही आपण हेच करतो. x चा घात ज्या पदांत सारखा येतो ती पदं एकत्र घेतो.

संख्येचे अंक कुठेतरी संपतात, बहुपदीची पदंही संपतात. म्हणून गठ्ठे कसेही बांधले तरी उत्तर बदलत नाही. पण ज्यांची पदं संपतच नाहीत अशा दोन बेरजा घेतल्या आणि त्यांचा गुणाकार याच तिरप्या रीतीने केला तर? गठ्ठ्यांची बेरीज मूळ बेरजांच्या गुणाकाराएवढीच येईल का? सहज ‘हो’ म्हणावंसं वाटतं. पण तसं नेहमी होत नाही, आणि का होत नाही ते एका चौकटींच्या वहीत स्पष्ट दिसतं.

आधी न संपणारी बेरीज म्हणजे काय ते पक्कं करू. १ + १/२ + १/४ + १/८ + … अशी पदांची रांग पुढे चालूच राहते तेव्हा तिला श्रेणी म्हणतात. सगळी पदं मिळवून बसणं कुणालाच शक्य नाही. म्हणून आपण टप्प्याटप्प्याने बेरीज करतो: १, १.५, १.७५, १.८७५… या आंशिक बेरजा. त्या एका ठरावीक संख्येच्या हव्या तेवढ्या जवळ जाऊन तिथेच राहत असतील तर श्रेणी अभिसारी, आणि ती संख्या म्हणजे तिची बेरीज. इथे ती २ आहे. आंशिक बेरजा अशा कुठे स्थिरावत नसतील तर श्रेणी अपसारी. या व्याख्येत पदांचा क्रम आत आहे, हे लक्षात ठेवलेलं बरं. पुढची सगळी अडचण तिथूनच निघते.

आता दोन श्रेणी घेऊ: अ० + अ१ + अ२ + … आणि ब० + ब१ + ब२ + …. चौकटींच्या वहीत वरच्या ओळीत ब ची पदं लिहा, डाव्या रकान्यात अ ची. प्रत्येक चौकटीत तिच्या ओळीच्या आणि रकान्याच्या पदांचा गुणाकार. वर्गात ही जागा आली की मी मुलांना हे कोष्टक हातानेच आखायला लावतो. फळ्यावर बघून ते कळत नाही, पेन्सिल फिरवल्यावर कळतं.

कोष्टक उजवीकडे आणि खाली न संपता वाढत जातं. त्यातल्या चौकटी मिळवायच्या दोन स्वाभाविक वाटा आहेत. पहिली वाट चौरसाची. वरच्या डाव्या कोपऱ्यातून दहा ओळी आणि दहा रकान्यांचा चौरस घेतला, तर त्यातली एकूण बेरीज म्हणजे अ च्या पहिल्या दहा पदांची बेरीज गुणिले ब च्या पहिल्या दहा पदांची बेरीज. चौरस वाढवत नेला की ती दोन्ही बेरजांच्या गुणाकाराकडेच जाणार. इथे शंकेला जागा नाही. दुसरी वाट तिरपी, म्हणजे तत्स्थ रीतीची. अ०ब० हा पहिला गठ्ठा, अ०ब१ + अ१ब० दुसरा, अ०ब२ + अ१ब१ + अ२ब० तिसरा. असे दहा गठ्ठे घेतले की वहीवर चौरस दिसत नाही, त्रिकोण दिसतो. तो चौरसाचा वरचा डावा अर्धा भाग आणि मधला कर्ण एवढाच असतो. खालचा उजवा कोपरा बाहेर राहतो.

या गठ्ठ्यांच्या श्रेणीला कोशी गुणाकार म्हणतात. ऑगस्टिन-लुई कोशी पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये शिकवत असताना त्याचं विश्लेषणाचं पाठ्यपुस्तक १८२१ साली छापलं गेलं. त्यात हा गुणाकार आणि तो कधी चालतो याची अट, दोन्ही आहेत. तिरपीच वाट का धरायची याचं कारण घातश्रेणी. १ + x + x²/२ + x³/६ + … अशा श्रेणी गुणताना x चा सारखा घात असलेली पदं एकत्र यावीच लागतात, आणि ती नेमकी तिरप्या रेघेवर असतात. e चा x घात गुणिले e चा y घात बरोबर e चा (x + y) घात, हे श्रेणीवरून सिद्ध करतानाही प्रत्येक तिरप्या गठ्ठ्यात द्विपद सिद्धांत उभा राहतो. म्हणून चौरसाची वाट खात्रीची असली तरी काम तिरप्या वाटेनेच होतं.

तेव्हा प्रश्न उरतो त्या बाहेर राहिलेल्या कोपऱ्याचा. चौरसाची बेरीज वजा त्रिकोणाची बेरीज म्हणजे कोपऱ्याची बेरीज. कोष्टक वाढवत नेल्यावर कोपरा शून्याकडे जात असेल तर दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात. जात नसेल तर तिरपी वाट भरकटते. या लेखातल्या सगळ्या अटी या कोपऱ्याला आवर घालण्यासाठी आहेत.

सरळ उदाहरण आधी बघू. १ + १/२ + १/४ + … ही श्रेणी स्वतःशीच गुणू. बेरीज २ आहे, म्हणजे उत्तर ४ यायला हवं. तिरपे गठ्ठे असे: १, मग १/२ + १/२ = १, मग तीनदा १/४ म्हणजे ३/४, मग चारदा १/८ म्हणजे १/२, मग ५/१६. आंशिक बेरजा १, २, २.७५, ३.२५, ३.५६२५, ३.७५. सहा ओळींच्या कोष्टकात चौरस ३.८७६ आणि त्रिकोण ३.७५, कोपरा ०.१२६. दहा ओळींच्या कोष्टकात चौरस ३.९९२ आणि त्रिकोण ३.९७७, कोपरा ०.०१६ च्या आत. कोपरा झपाट्याने आटतो आहे.

तो का आटतो याचं कारण आकडेमोडीवर अवलंबून नाही. मोठ्या चौरसाच्या आत त्याच्या निम्म्या बाजूचा छोटा चौरस काढा. तो छोटा चौरस पूर्णपणे त्रिकोणाच्या पोटात बसतो. म्हणजे कोपऱ्यातली प्रत्येक चौकट छोट्या चौरसाच्या बाहेर आणि मोठ्या चौरसाच्या आत आहे. सगळी पदं धन असतील, तर कोपरा हा मोठ्या आणि छोट्या चौरसांच्या फरकापेक्षा मोठा असू शकत नाही. आणि दोन्ही चौरस एकाच संख्येकडे जात असल्याने तो फरक शून्याकडे जातो.

पदांत ऋण चिन्हं असली तरी हाच युक्तिवाद चालतो, फक्त एक अट पाळावी लागते. नववीत आपण केवल मूल्य शिकतो, म्हणजे चिन्ह काढून टाकलेली संख्या. श्रेणीतल्या सगळ्या पदांची चिन्हं काढून टाकली आणि तरीही ती अभिसारी राहिली, तर तिला केवल अभिसारी म्हणू. कॉलेजात याला ॲब्सोल्यूट कन्व्हर्जन्स म्हणतात. दोन्ही श्रेणी अशा असतील तर चिन्हं काढलेल्या कोष्टकात कोपरा शून्याकडे जातो, आणि चिन्हांसकटचा कोपरा त्याहून मोठा होऊच शकत नाही. ही कोशीची अट. दोन्ही श्रेणी केवल अभिसारी असतील तर कोशी गुणाकार अभिसारी असतो आणि त्याची बेरीज म्हणजे दोन्ही बेरजांचा गुणाकार.

ज्या अभिसारी श्रेणी चिन्हं काढताच अपसारी होतात, त्यांना सशर्त अभिसारी म्हणतात. त्या उभ्या असतात त्या धन आणि ऋण पदं एकमेकांना खोडत असल्यामुळे. कोशीनेच त्याच पुस्तकात अशी एक श्रेणी देऊन दाखवलं की अट काढली तर निष्कर्ष कोसळतो. श्रेणी ही:

१ − १/√२ + १/√३ − १/√४ + …

पदं लहान होत जातात आणि चिन्हं आलटून-पालटून येतात, म्हणून आंशिक बेरजा वर-खाली होत मधल्या एका संख्येवर मिटतात. ती संख्या सुमारे ०.६०४९ आहे. चिन्हं काढली तर मात्र बेरीज वाढतच जाते, तिला अंत नाही. आता ही श्रेणी स्वतःशी गुणू. दोन्ही बेरजांचा गुणाकार, म्हणजे ०.६०४९ चा वर्ग, सुमारे ०.३६५९ आहे.

तिरपे गठ्ठे कॅल्क्युलेटरवर काढा. पहिला १. दुसरा −१/√२ दोनदा, म्हणजे −१.४१४२. तिसऱ्यात १/√३ दोनदा आणि मधे १/२, मिळून १.६५४७. चौथा −१.८१६५, पाचवा १.९३४८. इथेच थांबून बघायला हवं. कोणतीही श्रेणी अभिसारी असायची तर तिची पदं शून्याकडे जायलाच हवीत. इथे ती वाढताहेत. दहावा गठ्ठा −२.२५५२ आहे. आंशिक बेरजा १, −०.४१, १.२४, −०.५८, १.३६ अशा डोलत राहतात आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो.

हे कितीही पुढे गेलं तरी सुधारणार नाही, हे एका ओळीत दिसतं. एका तिरप्या गठ्ठ्यातल्या सगळ्या पदांचं चिन्ह सारखंच असतं, त्यामुळे त्यांच्यात खोडाखोड होत नाही. शंभराव्या गठ्ठ्यात शंभर पदं आहेत. त्यातलं प्रत्येक पद एक भागिले दोन संख्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ असं आहे, आणि त्या दोन संख्यांची बेरीज नेहमी १०१. बेरीज ठरलेली असताना गुणाकाराचं वर्गमूळ त्यांच्या सरासरीपेक्षा, म्हणजे ५०.५ पेक्षा, मोठं नसतं. म्हणून प्रत्येक पद निदान १/५०.५, आणि शंभर पदं मिळून निदान १.९८. कोणत्याही गठ्ठ्याला हाच हिशेब लावा, चिन्ह सोडून तो एकाच्या खाली कधीच उतरत नाही. खरं तर गठ्ठ्यांची मूल्यं हळूहळू पायकडे, म्हणजे ३.१४१५९… कडे सरकतात. वर्गमुळांच्या या बेरजेत वर्तुळाचा पाय कुठून आला, हे पहिल्यांदा बघताना मला फार नवल वाटलं होतं. त्याचं उत्तर एका साध्या संकलात आहे, पण ती वाट वेगळी.

कोपऱ्याकडे पुन्हा बघू. दहा ओळींच्या कोष्टकात पहिल्या दहा पदांची बेरीज ०.४५०७ आहे, म्हणून चौरस ०.२०३१. त्रिकोणाची बेरीज −०.७७१८. म्हणजे कोपरा ०.९७४९. नऊ ओळींच्या कोष्टकात चौरस ०.५८८ आणि त्रिकोण १.४८३, कोपरा −०.८९५. दर ओळीमागे कोपरा चिन्ह बदलतो आणि आकाराने वाढतो. चौरसात कोपरा आणि त्रिकोण एकमेकांना खोडत होते. आपण कोपरा कापून बाजूला ठेवला आणि ती खोडाखोड थांबली.

यावरून कुणी म्हणेल, मग दोन्ही श्रेणी केवल अभिसारी हव्यातच. तेही खरं नाही. १८७५ साली क्राकोच्या विद्यापीठात प्राध्यापक असलेल्या फ्रान्झ मेर्टेन्सने एका छोट्याशा निबंधात दाखवलं की दोघींपैकी एक केवल अभिसारी असली तरी पुरे. दुसरी नुसती अभिसारी असली तरी चालते. मला हा प्रमेय सगळ्यांत आवडतो, कारण त्याची सिद्धता कोष्टकाकडे बघायची दिशा बदलते आणि तेवढ्यानेच काम होतं.

त्रिकोण तिरपा न बघता आडवा बघा. पहिल्या ओळीत अ० गुणिले ब ची पूर्ण लांबीची आंशिक बेरीज आहे. दुसऱ्या ओळीत अ१ गुणिले ब ची एक पद कमी असलेली आंशिक बेरीज. अशा खाली-खाली जाताना ब ची बेरीज आखूड होत जाते, आणि शेवटच्या ओळीत तर ब० एकटाच. चुका कुठे होतात? खालच्या ओळींत, कारण तिथे ब ची बेरीज अर्धवट आहे. वरच्या ओळींत ती जवळजवळ पूर्ण आहे, म्हणून तिथली चूक नगण्य. खालच्या ओळींत चूक मोठी असू शकते, पण ती अमर्याद नाही, कारण अभिसारी श्रेणीच्या आंशिक बेरजा एका पट्ट्यातच राहतात. आणि खालच्या ओळींना गुणणारी अ ची पदं? अ केवल अभिसारी असेल तर त्या सगळ्यांची केवल मूल्यं मिळूनही हवी तेवढी लहान होतात. मोठी चूक गुणिले अगदी लहान संख्या, म्हणजे एकूण चूक लहानच.

आकड्यांत बघायचं तर अ म्हणून १ + १/२ + १/४ + … घेऊ, आणि ब म्हणून तीच वर्गमुळांची श्रेणी. अकराव्या ओळीपासून खालची अ ची सगळी पदं मिळून १/५१२ होतात. ब ची कोणतीही आंशिक बेरीज ०.६०४९ पासून ०.४ पेक्षा जास्त दूर जात नाही. म्हणजे अकराव्या ओळीच्या खाली कितीही ओळी असोत, त्या सगळ्यांची चूक मिळून ०.००१ च्याही आत. गुणाकाराची बेरीज २ × ०.६०४९, म्हणजे १.२०९८ यायला हवी. तिरपे गठ्ठे निघतात १, −०.२०७१, ०.४७३८, −०.२६३१, ०.३१५७, −०.२५०४, ०.२५२८. आंशिक बेरजा १, ०.७९, १.२७, १.००, १.३२, १.०७, १.३२. त्या अजून डोलताहेत खऱ्या, पण झोके आखूड होताहेत आणि लागोपाठच्या दोन बेरजांचा मध्य १.२१ कडे सरकतो आहे. अभिसरण संथ आहे, कारण तो संथपणा ब कडूनच आलेला आहे. उत्तर मात्र बरोबर येणार याची हमी आहे.

वर्गमुळांची श्रेणी स्वतःशी गुणताना नेमकं काय नव्हतं, तेही इथे उघड होतं. तिथे दोघींपैकी कुणाच्याच खालच्या ओळींची पदं केवल मूल्यांत लहान होत नव्हती. आणि मेर्टेन्सची अट एका अर्थाने याहून सैल करता येत नाही. जी अ कोणत्याही अभिसारी ब शी गुणली तरी गुणाकार अभिसारीच येतो, ती अ स्वतः केवल अभिसारी असावीच लागते.

पण ठरावीक जोडीचा प्रश्न असेल तर दोघी सशर्त असूनही कधी कधी गुणाकार नीट चालतो. १ − १/२ + १/३ − १/४ + … घ्या. बेरीज २ चा नैसर्गिक लॉगरिदम, ०.६९३१. चिन्हं काढली तर ही अपसारी. स्वतःशी गुणल्यावर गठ्ठे येतात १, −१, ११/१२, −५/६, १३७/१८०. हे कमी होताहेत. शंभरावा गठ्ठा चिन्ह सोडून ०.१०२७ आहे. पदं शून्याकडे उतरत असल्याने आणि चिन्हं आलटून-पालटून असल्याने गुणाकार अभिसारी आहे. वर्गमुळांच्या आणि या श्रेणीत फरक आहे तो पदं किती वेगाने लहान होतात याचा. छेदात अर्ध्या घाताऐवजी अर्ध्याहून जरासा मोठा घात असता तरी काम झालं असतं. अर्धा ही नेमकी सीमा आहे, आणि कोशीने आपलं उदाहरण बरोबर त्या सीमेवरून उचललं. १९०८ साली जी. एच. हार्डीने याला एक सोपी कसोटी दिली. दोन्ही श्रेणी अभिसारी असतील आणि प्रत्येकीचं n-वं पद n ने गुणल्यावरही एका मर्यादेत राहत असेल, तर कोशी गुणाकार अभिसारी असतो. १/n या कसोटीला उतरतो, १/√n उतरत नाही.

आता एक भीती. गुणाकार अभिसारी आला, पण भलत्याच संख्येवर जाऊन थांबला तर? सशर्त श्रेणींच्या बाबतीत ही भीती खोटी नाही. त्यांची पदं नुसती मागे-पुढे केली तरी बेरीज बदलते. पण कोशी गुणाकारात असं होत नाही, हे नॉर्वेच्या नील्स हेन्रिक आबेलने १८२६ साली सिद्ध केलं. क्रेलेच्या बर्लिनमधल्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात द्विपद श्रेणीवरचा त्याचा निबंध आला, त्यात हे आहे. अ, ब आणि त्यांचा कोशी गुणाकार या तिन्ही श्रेणी अभिसारी असतील, तर तिसरीची बेरीज पहिल्या दोघींच्या बेरजांचा गुणाकारच असते. केवल अभिसरणाची अट कुणालाच नाही.

युक्ती अशी. x ही १ पेक्षा थोडी लहान धन संख्या घ्या, समजा ०.९९. तिन्ही श्रेणींच्या पदांना अनुक्रमे १, x, x², x³… ने गुणा. अभिसारी श्रेणीची पदं मर्यादेत असतात आणि x चे घात गुणोत्तर श्रेणीच्या वेगाने लहान होतात. त्यामुळे गुणलेल्या तिन्ही श्रेणी आपोआप केवल अभिसारी होतात. तिरप्या गठ्ठ्यात घातांकांची बेरीज सारखी असते, म्हणून गुणलेल्या पहिल्या दोघींचा कोशी गुणाकार बरोबर गुणलेली तिसरीच येते. इथे कोशीची जुनी अट लागू पडते, आणि x १ च्या आत आहे तोवर समीकरण अगदी खरं असतं. मग x ला हळूहळू १ कडे न्या. आबेलने त्याच निबंधात दाखवलं होतं की श्रेणी अभिसारी असेल तर अशा गुणलेल्या श्रेणीची बेरीज मूळ बेरजेकडे जाते. तिन्हींना ते लावलं की काम झालं. म्हणून लॉगरिदमच्या उदाहरणात वेगळं तपासायची गरज नाही. गठ्ठ्यांची बेरीज ०.६९३१ चा वर्ग, म्हणजे ०.४८०५, हीच असणार.

आबेलच्या अटीत ‘तिन्ही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कोशी गुणाकार अभिसारी आहे एवढ्यावरून मूळ श्रेणींबद्दल काहीच म्हणता येत नाही. २ + २ + ४ + ८ + १६ + … आणि −१ + १ + १ + १ + १ + … या दोन्ही अपसारी आहेत. त्यांचे तिरपे गठ्ठे काढून बघा: पहिला −२, दुसरा २ − २ = ०, तिसरा २ + २ − ४ = ०, आणि पुढचे सगळे शून्य. गुणाकाराची श्रेणी −२ वर येऊन थांबते, पण ज्यांच्या बेरजांचा हा गुणाकार म्हणावा अशा बेरजाच नाहीत.

उरतं कोशीचं मूळ उदाहरण, ते डोलणारं. त्याच्या आंशिक बेरजांकडे पुन्हा बघू: १, −०.४१४२, १.२४०५, −०.५७६०, १.३५८८, −०.६६७५, १.४३२२, −०.७२८०, १.४८३४, −०.७७१८. त्या कुठेच थांबत नाहीत. पण झोक्याचा मधला बिंदू? इटलीच्या एर्नेस्टो चेझारोने १८९० साली हाच विचार केला. आंशिक बेरजांऐवजी त्यांची चालती सरासरी काढायची, म्हणजे पहिल्या दोघींची, पहिल्या तिघींची, पहिल्या चौघींची. ती स्थिरावली तर तिला त्या श्रेणीची बेरीज मानायचं. दोन अभिसारी श्रेणींचा कोशी गुणाकार अपसारी असला तरी ही सरासरी नेहमी स्थिरावते, आणि ती मूळ बेरजांच्या गुणाकारावरच, हे त्याने सिद्ध केलं.

वरच्या दहा आकड्यांवर हे करून बघा. दोघींची सरासरी ०.२९२९, चौघींची ०.३१२६, सहांची ०.३२३६, आठांची ०.३३०७, दहांची ०.३३५७. ही खालून चढते आहे. तिघींची ०.६०८८, पाचांची ०.५२१८, सातांची ०.४८२०, नवांची ०.४५८८. ही वरून उतरते आहे. दोन्ही बाजूंनी मधलं अंतर मिटत जातं, आणि ज्या संख्येवर ते मिटतं ती ०.३६५९.